ऑडिटची यादी मराठीत करताना: वाळूजच्या एका प्रेस शॉपचं उदाहरण घेऊन

मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या छोट्या वर्कशॉपला कधीतरी एक मेल येतो. सोबत पुरवठादार आचारसंहिता आणि तिची तपासणी यादी, दोन्ही इंग्रजीत, आणि ऑडिटर कधी येणार ती तारीख. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत आता हे सगळ्यांच्याच अंगवळणी पडत चाललंय. मालक फाइल उघडतो, दोन पानं वाचतो आणि ती घरातल्या शिकलेल्या मुलीकडे, अकाउंटंटकडे नाहीतर नवीन सुपरवायझरकडे देतो: "एवढं मराठीत करून दे, म्हणजे पोरांना सांगता येईल." हा लेख ज्याच्या हातात ती फाइल येते त्याच्यासाठी आहे.

उदाहरणासाठी एक शॉप समोर ठेवू. वाळूजमधला भाड्याचा गाळा, सहा पॉवर प्रेस, दुचाकीसाठी पत्र्याचे ब्रॅकेट. एकूण 24 माणसं: काही गंगापूर-पैठण भागातून रोज येणारी, काही बीड-जालन्याकडची, पाच-सहा बिहारची. इन्स्पेक्शनच्या टेबलावर चार बायका. गाळ्यावरच्या खोलीत बिहारची मुलं राहतात. ही खोली लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आधी ऑडिटचा दिवस समजून घ्या

भाषांतराला हात घालण्याआधी ऑडिटर दिवसभर काय करतो ते माहीत हवं. सकाळी मालकासोबत बैठक होते. मग गाळ्यात फेरी. त्यानंतर कागद: मस्टर, पगारपत्रक, पीएफ-ईएसआयची चलानं, नेमणूक पत्रं, मशीनच्या तपासणीच्या नोंदी. मध्ये कधीतरी कामगारांशी बोलणं होतं, आणि त्या वेळी मालक किंवा सुपरवायझर तिथे थांबू शकत नाही. शेवटच्या बैठकीत काय कमी सापडलं ते सांगितलं जातं.

म्हणजे यादीतली जवळपास प्रत्येक ओळ तीन बाजूंनी तपासली जाते: डोळ्यांनी, कागदावर आणि माणसांच्या तोंडून. इंग्रजी यादीत मात्र एकच वाक्य आणि पुढे हो-नाहीचा चौकोन असतो. तेवढंच मराठीत केलं तर मालक चौकोनात टिक मारून मोकळा होतो आणि ऑडिटच्या दिवशी अडकतो. म्हणून सुरुवातीलाच तुमच्या कागदावर पाच रकाने आखा: ओळीचा साधा मराठी अर्थ, ऑडिटर काय बघेल, कोणता कागद मागेल, कामगाराला काय विचारेल, आणि हे आपल्याकडे कोण सांभाळतं. मूळ यादीचा क्रमांक डाव्या कडेला जशाचा तसा ठेवा, कारण ऑडिटर बोलताना त्याच क्रमांकाने बोलतो.

"आपल्याला लागू नाही" हे घाईने लिहू नका

यादी मोठ्या कारखान्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. बॉयलर, कॅन्टीन, सांडपाण्याचा प्रकल्प, कामगारांचं वसतिगृह, अशा बऱ्याच ओळी आपल्या नसतात. त्यांचं भाषांतर करण्यात वेळ घालवू नका, फक्त लागू का नाही ते एका वाक्यात लिहा.

पण वसतिगृहाच्या ओळीपाशी थांबा. आपल्या उदाहरणातला मालक म्हणेल, "आपलं कुठलं आलंय हॉस्टेल?" गाळ्यावरची खोली मालकाने दिली असेल तर ऑडिटरच्या लेखी तेच कामगारांचं निवासस्थान आहे. तो जिना चढून वर जाणार. एका खोलीत किती जण झोपतात, खाली प्रेस शॉपमध्ये आग लागली तर वरून उतरायला दुसरी वाट आहे का, गॅसची शेगडी झोपायच्या जागेत आहे का, शटर रात्री बाहेरून कुलूप लावून बंद होतं का, हे तो बघेल. बाहेरून कुलूप ही तर सगळ्यात गंभीर गोष्टींपैकी एक: आतल्या माणसांच्या जिवाला धोका आणि येण्याजाण्यावर बंदी, दोन्ही एकदम. तेव्हा या ओळीच्या मराठी अर्थात "वसतिगृह" लिहून सोडू नका. "मालकाने दिलेली राहायची जागा, गाळ्यावरची खोलीसुद्धा" असं लिहा.

हो-नाहीची दिशा एकच ठेवा

या याद्यांतला एक खड्डा असा की काही प्रश्न सुलटे असतात, काही उलटे. "आगीची उपकरणं भरलेली आहेत का?" याचं चांगलं उत्तर हो. "कामगारांची मूळ कागदपत्रं ठेवून घेतल्याचं आढळतं का?" याचं चांगलं उत्तर नाही. पाठोपाठ टिक मारत जाणारा माणूस इथे हमखास चुकतो. मराठीत सगळी वाक्यं एका दिशेने फिरवा: "मूळ कागदपत्रं कामगाराकडेच आहेत, आपल्याकडे फक्त झेरॉक्स." मग हो म्हणजे सगळीकडे ठीक. कंपनीला परत पाठवायच्या इंग्रजी फॉर्मवर मात्र मूळ प्रश्नाप्रमाणेच उत्तर द्यायचं, म्हणून फिरवलेल्या ओळींना खूण करून ठेवा.

मूळ कागदपत्रांचं निघालंच आहे तर कपाट उघडून बघा. आयटीआयची मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, क्वचित आधार कार्डसुद्धा फाइलला लावलेलं सापडतं. मालकाच्या मनात वाईट काही नसतं, नेमणुकीच्या वेळी घेतलं आणि राहून गेलं. तरी ऑडिटर ते माणूस अडकवून ठेवण्याचं साधन म्हणूनच धरतो. झेरॉक्स ठेवून मूळ परत द्या आणि परत मिळाल्याची सही घ्या.

तीन ओळी सविस्तर करून बघू

पहिली ओळ ओव्हरटाइमची. बऱ्याच कंपन्यांच्या संहिता ईटीआय, म्हणजे एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्ह या संस्थेच्या मूळ संहितेवर बेतलेल्या असतात. त्यात ओव्हरटाइम स्वेच्छेने असावा, आठवड्याचे एकूण तास 60 च्या आत असावेत, सात दिवसांत एक सुट्टी असावी आणि ओव्हरटाइमचा दर नेहमीच्या दराच्या किमान 125 टक्के असावा अशी शिफारस आहे. शब्दाला शब्द लावणारा लिहील: "जादा कामाला सव्वापट मजुरी." मालक वाचतो आणि खूश होतो, कारण सव्वापट द्यायला त्याची ना नाही. पण आपल्याकडच्या कायद्यात ओव्हरटाइम दुप्पट दराने आहे, आणि याच संहितेत असंही म्हटलेलं असतं की कायदा आणि संहिता यांपैकी कामगाराला ज्यात जास्त संरक्षण तेच लागू. म्हणजे बरोबर भाषांतर सव्वापट नसून दुप्पट. यादीची प्रस्तावना वाचायचा सगळ्यांना कंटाळा येतो, पण हे वाक्य बहुतेक तिथेच लपलेलं असतं, म्हणून ती आधी वाचा.

आता आकड्यांत. एका ऑपरेटरचा पगार 26 दिवसांचे 15,600 रुपये धरू. दिवसाचे 600, आठ तासांनी भागले की तासाचे 75. दुप्पट म्हणजे 150. महिन्यात त्याने 20 तास जादा काम केलं तर ओव्हरटाइमचे 3,000 रुपये व्हायला हवेत. आपल्या शॉपमध्ये "सिंगल ओटी आणि वर नाश्ता" अशी पद्धत असेल तर त्याला 1,500 मिळाले. बाकीचे 1,500 ऑडिटर दर माणशी, दर महिन्याला मोजतो, आणि नाश्ता त्यात वजा होत नाही. हे गणित मराठी यादीत लिहूनच टाका, मालकाच्या खऱ्या पगारपत्रकातला एक महिना घेऊन. त्या एका ओळीने जे समजतं ते दोन पानी धोरण वाचून समजत नाही.

बघायचं काय: घड्याळाजवळचं मस्टर आणि प्रॉडक्शनची डायरी. ऑडिटर हे दोन्ही शेजारी ठेवतो. मस्टरवर माणूस सहाला गेला आणि डायरीत रात्री नऊ वाजता त्याच्याच सहीने प्रेस नंबर तीनवर ब्रॅकेट निघालेत, तर पुढचे प्रश्न ओव्हरटाइमबद्दल नसतात, खोट्या नोंदीबद्दल असतात. कामगाराला विचारायचं: "जास्त थांबायला नाही म्हटलं तर काय होतं?" आणि "मागच्या महिन्यात ओटीचे किती आले, स्लिपवर वेगळे दिसतात का?"

दुसरी ओळ उचलीची. इंग्रजी यादीत "फोर्स्ड लेबर" या सदरात वेठबिगारीचा प्रश्न असतो. "वेठबिगार कामगार नाहीत" असं मराठीत लिहिलं की मालक न वाचताच हो म्हणतो, आणि ते खोटंही नसतं, कारण त्याच्या मनात वेठबिगार म्हणजे कुठल्यातरी वीटभट्टीवर डांबून ठेवलेला माणूस. पण मराठवाड्यात उचल घरोघरी माहीत आहे. बीड-जालन्याकडून ऊसतोडीला जाणारी कोयती मुकादमाकडून उचल घेऊनच निघतात. त्याच घरातला मुलगा वाळूजला प्रेसवर लागतो, बहिणीच्या लग्नाला मालकाकडून 20,000 मागतो, मालक देतो. इथपर्यंत काहीच वावगं नाही. वावगं तिथे सुरू होतं जिथे मालक किंवा सुपरवायझर म्हणतो, "उचल फिटेस्तोवर काम सोडायचं नाही." कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवणं ही 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या मुळाशी असलेली गोष्ट आहे, आणि ऑडिटर नेमकं तेच शोधतो.

म्हणून या ओळीचा मराठी अर्थ असा लिहा: "उचल बाकी असली तरी कामगार नोटीस देऊन काम सोडू शकतो. उचलीवर व्याज नाही. हप्ता किती ते आधी ठरलेलं आहे आणि दोघांच्या सह्यांनी लिहिलेलं आहे." कागद: उचलीची वही, त्यात तारीख, रक्कम, हप्ता, बाकी, आणि पगाराच्या स्लिपवर तोच हप्ता. 20,000 ची उचल आणि महिना 2,000 चा हप्ता असेल तर दहा स्लिपांवर तो सारखा दिसला पाहिजे. एखाद्या महिन्यात अर्ध्याहून जास्त पगार कापला गेला असेल तर तेही बाहेर येईल, कारण सगळ्या कपाती मिळून मजुरीच्या 50 टक्क्यांच्या वर जाऊ नयेत असं कायदा सांगतो. कामगाराला विचारायचं: "उचल बाकी असताना गावाकडे कायमचं जायचं ठरवलं तर काय होईल?" या प्रश्नाचं उत्तर शिकवून येत नाही. शॉपमध्ये खरंच तशी सवलत असेल तरच माणूस मोकळेपणाने सांगतो.

या ओळीवर मालकाशी बसून बोला, फक्त कागद देऊ नका. आपण अडीनडीला मदत केली आणि आता हे लोक त्यालाच गुन्हा म्हणतायत, असं त्याला वाटू शकतं. उचल देणं चुकीचं नाही, तिच्या अटी चुकू शकतात, हे समोरासमोर सांगितलं तरच त्याला पटतं.

तिसरी ओळ प्रेसच्या गार्डची. इंग्रजीत "यंत्रांना पुरेसं संरक्षण असावं" इतकंच असतं. प्रेस शॉपसाठी ते असं करा: "रॅम खाली येत असताना पंच आणि डायच्या मध्ये बोट जाऊ शकेल अशी जागा उघडी नको." दोन्ही हात डायबाहेर राहावेत म्हणून प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही एकदम दाबली तरच स्ट्रोक पडायला हवा. ऑडिटर प्रेसपाशी येऊन ऑपरेटरला म्हणतो, एकच बटण दाब. स्ट्रोक पडला तर दोन हातांच्या बटणांचा अर्थच उरला नाही. मग तो वाकून दुसऱ्या बटणाकडे बघतो. लाकडाची पाचर ठोकलेली, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, नाहीतर टेप लावून कायम दाबून ठेवलेलं बटण त्याला लगेच दिसतं. पीस रेटवर काम असेल तिथे ही पाचर हमखास सापडते, कारण एक हात मोकळा राहिला की तासाला जास्त पीस निघतात. नुसती पाचर काढून घेतली तर ती परत येणार. तासाचं टार्गेट दोन हातांच्या वेगाला धरून बसवलं तरच ती जाते, आणि तुमच्या "कोण सांभाळतं" रकान्यात म्हणून सुपरवायझरसोबत टार्गेट ठरवणाऱ्याचंही नाव हवं.

इथे एक तांत्रिक गोष्ट भाषांतर करणाऱ्याला ठाऊक हवी. यादीत "लाइट कर्टन किंवा समतुल्य" असं लिहिलेलं असलं की काही मालक जुन्या पिन क्लचच्या प्रेसवरही लाइट कर्टन, म्हणजे हाताने किरण तुटला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा, बसवायला निघतात. पिन क्लच एकदा लागला की स्ट्रोक पूर्ण झाल्याशिवाय रॅम थांबत नाही. किरण तुटला तरी काही उपयोग नाही, हात जायचा तो जातोच. अशा प्रेसला डायभोवतीचा पक्का गार्ड किंवा बंद झाल्याशिवाय स्ट्रोकच न पडू देणारं फाटक लागतं. लाइट कर्टन एअर क्लचच्या, मध्येच थांबू शकणाऱ्या प्रेससाठी. मराठी यादीत प्रत्येक प्रेसचा नंबर, क्लचचा प्रकार आणि त्याला चालणारा गार्ड एका ओळीत लिहिला तर पैसेही वाचतात आणि बोटंही.

कायद्याच्या कलमांचं काय करायचं

जुन्या याद्यांत 1948 च्या कारखाने अधिनियमाची कलमं लिहिलेली सापडतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे कलमांचे आकडे तसेच उतरवू नका. काय करायचं ते साध्या मराठीत लिहा आणि कलम, मर्यादा, फॉर्मचा नमुना हे शॉपच्या लेबर कन्सल्टंटकडून तपासून बाजूला लिहून घ्या. आपल्या शॉपमध्ये 24 माणसं आहेत, म्हणून पीएफ, ईएसआय आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती हे सगळं लागू पडतं. समितीची पाटी लावलेली असते पण इन्स्पेक्शनच्या टेबलावरच्या ताईंना तिच्यावर कोण आहे ते माहीत नसतं. ऑडिटर त्यांनाच विचारतो. पाटीवरची नावं त्यांना ओळखीची असतील अशीच समिती करा, आणि बाहेरची सदस्य कोण तेही त्यांना सांगा.

गाळ्यात वाचून दाखवा

मसुदा झाला की तो मालकाआधी ऑपरेटरला वाचून दाखवा. "समजलं का?" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. उलट विचारा: "मामा, तुमच्या प्रेसवर ते काय बघणार, सांगा बरं." ते म्हणाले, "एका बटणावर चालतीय का ते बघणार, अन् पेडल जोडलंय का ते," तर ओळ जमली. "ते सेफ्टीचं काहीतरी" असं म्हणाले तर ओळ परत लिहा. "आपत्कालीन निर्गमन मार्ग" असा शब्द ठेवलात तर असंच होतं. "मागचा दरवाजा, जो आग लागली तर वापरायचा. त्याच्यासमोर स्क्रॅपची ट्रॉली नको, कुलूप नको," एवढं लिहिलं तर ट्रॉली त्याच दिवशी हलते.

बिहारच्या मुलांसाठी खोलीची, उचलीची, पगाराची आणि प्रेसची अशी चार पानं हिंदीतही करा. त्यांना मराठी समजतं असं सुपरवायझर सांगेल, पण बोललेलं समजणं आणि वाचणं वेगळं.

एक काम मात्र करू नका, मालकाने कितीही आग्रह केला तरी: कामगारांनी काय उत्तर द्यायचं ते लिहून देऊ नका. "आमच्या येथे ओव्हरटाइम स्वेच्छेने असतो" हे वाक्य पाच जणांच्या तोंडून सारखंच निघालं की ऑडिटरला कळतं. तसंच दुसरं मस्टर. ओव्हरटाइम जास्त झाला ही दुरुस्त होण्यासारखी गोष्ट आहे, त्यासाठी मुदत मिळते. नोंदी बनावट आहेत असं ठरलं तर बऱ्याच कंपन्या ऑर्डरच थांबवतात. उरलेले दिवस आकडे जुळवण्यात घालवण्यापेक्षा खरी यादी समोर ठेवा: आपल्याकडे हे कमी आहे, हे चालू महिन्यापासून दुरुस्त केलं, हे तीन महिन्यांत करू.

ऑडिटनंतरचा कागद

शेवटच्या बैठकीनंतर त्रुटींचा अहवाल येतो. त्यात त्रुटी गंभीर आहे की किरकोळ ते लिहिलेलं असतं आणि प्रत्येकीपुढे कारण, उपाय, जबाबदार माणूस, तारीख आणि पुरावा भरायचा असतो. हाही मराठीत करा, आणि पुन्हा त्याच पाच रकान्यांच्या कागदाला जोडा. "कारण" या रकान्यात "कामगाराचं दुर्लक्ष" आणि "उपाय" या रकान्यात "कामगारास समज दिली" असं लिहायचा मोह होतो. ते परत येतं. बटणाला पाचर सापडली असेल तर कारण "तासाचं टार्गेट एका हाताच्या वेगावर ठरलेलं होतं" असं असतं. उपाय: टार्गेट बदललं, बटण सतत दाबलेलं असेल तर स्ट्रोक पडणार नाही असा रिले बसवला, आणि रोज शिफ्ट सुरू होताना सुपरवायझर दोन्ही बटणं तपासून वहीत सही करतो. पुरावा: रिलेचं बिल, प्रेसचा फोटो, वहीची सात दिवसांची पानं. फोटो काढताना प्रेसचा नंबर आणि तारीख चौकटीत येऊ द्या. नाहीतर तो कुठल्या प्रेसचा आहे असं विचारणारा मेल आठवडाभराने परत येतो.